बांबू लागतोय म्हणजे पाणी उथळ आहे

डिसेंबरातला रविवार, दुपारी चारची वेळ. फोनवर 'नवरा-बायको' अशी नोंद होती, दारात उभी राहिली चार माणसं. नवरा, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची आई. "घरी कोणी नाही, म्हणून सगळेच आलो," बायको म्हणाली. माझ्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत. आतून दिवाणावरची गादी ओढून आणली, आजी तिच्यावर मांडी घालून बसल्या आणि मुलगी त्यांना टेकून.

मी चौदा वर्षं पुण्यात टॅरो वाचते. परदेशी निघालेली कुटुंबं आता महिन्याला दोन-तीन तरी येतात, आणि त्यांच्याबद्दल बाहेरच्या कोणाला कळणार नाही अशी एक गोष्ट आहे: 'जावं का' हे विचारायला जवळपास कोणीच येत नाही. नोकरीचं पत्र आलेलं असतं, तिकिटं बघून झालेली असतात. येतात ते 'सगळं नीट होईल ना' एवढं ऐकायला. हे चौघंही तसेच. त्याची कंपनी त्याला स्टुटगार्टजवळ पाठवत होती. तो जानेवारीत, या दोघी वार्षिक परीक्षा झाली की एप्रिलमध्ये. आजी इथेच, फ्लॅटवर, दिवसभराची बाई ठेवून. "मॅडम, व्हिसाचं टेन्शन नाही," तो म्हणाला. "फक्त हे सगळं शांतपणे पार पडेल का, तेवढं बघा."

हो-नाहीचा प्रश्न मी कार्डांना विचारत नाही, फिरवून घेते. इथे तीन जागा ठेवल्या: मागे काय राहतं, वाट कशी आहे, पोहोचल्यावर काय. डेक बायकोकडून पिसून घेतला, कारण प्रश्न त्याचा असला तरी काळजी तिच्या चेहऱ्यावर दिसत होती.

मधल्या जागी सिक्स ऑफ सोर्ड्‌स, सरळ.

ज्यांनी हे कार्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा डेक नेहमीचाच, रायडर-वेट, 1909 साली लंडनला पहिल्यांदा छापलेला, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. एक सपाट, अरुंद होडी. मागच्या टोकाला नावाडी उभा, हातात लांब काठी. त्याच्यापुढे डोक्यावरून पांघरूण ओढून बसलेली बहुधा बाई, शेजारी मूल. होडीच्या पुढच्या भागात सहा तलवारी, टोक खाली करून उभ्या खुपसलेल्या. होडीच्या एका अंगाला पाण्यावर लाटांच्या रेघा आहेत, दुसऱ्या अंगाला पाणी सपाट. पलीकडे किनारा आणि झाडं. हा डेक रचणाऱ्या आर्थर वेटने आपल्या पुस्तकात या चित्राखाली लिहिलंय की वाट सुरळीत आहे, ओझंही हलकं आहे, तेव्हा हे काम नावाड्याच्या ताकदीबाहेरचं नाही.

परदेशाच्या प्रश्नाला याहून गोड कार्ड नाही. हल्ली तर रीलवाल्यांनी त्याचं पार वाटोळं केलंय. पाणी दिसलं की परदेश, होडी दिसली की व्हिसा, आणि वर 'अठ्ठेचाळीस तासांत बातमी'. कार्डावर चौदा वर्षं मेहनत घ्यायची आणि शेवटी समोरच्याने म्हणायचं, "हो हो, हे माहितीये, हे गुड कार्ड आहे."

त्यानेही तेच म्हटलं. पुढे वाकून नावाड्यावर बोट ठेवलं, "हा मी." मग बायकोकडे बघून, "ही तू, हे पिल्लू." तिघांची बरोबर जागा लागली. बायको हसली, पण तिने ते कार्ड हातात घेतलं नाही.

मी माझं नेहमीचं सांगायला लागले. तलवारी म्हणजे आतापर्यंतचे विचार, भांडणं, बोललेले आणि न बोललेले शब्द. त्या किनाऱ्यावर ठेवता येत नाहीत, सोबत येतात. आणि घाईघाईने उपटायच्याही नाहीत, कारण त्या तळात रुतल्यात, उपटली की त्या भोकातून पाणी आत. हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की ते तोंडातून आपोआप येतं. समोरचे लोक इथे हमखास मान हलवतात. त्या दोघांनीही हलवली.

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "बघू गो तो."

मी कार्ड त्यांच्याकडे दिलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, कार्ड डोळ्यांजवळ आणलं आणि बराच वेळ बघत बसल्या. माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. लहानपणी बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला, जिकडे जायचं तिकडे तरीतून. मग म्हणाल्या, "हा बांबू मारतोय."

"हो, नावाडी आहे तो."

"तसं नव्हे. वल्हवत नाहीये, बांबू मारतोय. बांबू कधी लागतो? तळ लागत असेल तेव्हा. भर पाण्यात बांबू खाली पोचतच नाही, तिथे वल्हंच लागतं. हे पाणी कमरेएवढं असेल, नाहीतर सुकतीची वेळ असेल." आणि लेकाकडे वळून, "हे काही भर समुद्रातलं नाही हो. खाडी ओलांडतायत नुसती."

चौदा वर्षांत ही काठी मला दिसली नव्हती. म्हणजे दिसली होती, पण मी तिच्याकडे 'मार्गदर्शक', 'मदत', 'आधार' असले शब्द लावून मोकळी झाले होते. ती काठी तळाला टेकवून ढकलायची आहे, म्हणजे पाणी उथळ आहे, म्हणजे बुडण्याची भीती या चित्रात मुळातच नाही, हे कोणत्याही वर्गात मला कोणी सांगितलं नाही. वेटने म्हटलेला 'काम ताकदीबाहेरचं नाही' हा शेरासुद्धा मला त्या क्षणी पहिल्यांदा कळला.

मी खूश झाले, अगदी उघडपणे. "आजी, तुम्हीच बसा माझ्या खुर्चीत," म्हणाले. सगळे हसले. मुलगी हसली नाही, ती आजीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पाऊण तासात तिने एक शब्द काढला नव्हता. तिच्या आईला मी म्हणालेसुद्धा, "किती शांत आहे हो मुलगी तुमची."

आजींनी कार्ड अजून परत दिलं नव्हतं. "आणि हा परत येतो ना?" त्यांनी विचारलं. "तरीवाला येतोच. उतारू सोडले की होडी परत आणायची असते त्याला."

"आई, दर वर्षी येणार आहोत," लेक हसत म्हणाला.

घड्याळात बारा मिनिटं उरली होती आणि पाच वाजता पुढचं रीडिंग होतं. मी तिसऱ्या कार्डाकडे वळले. एट ऑफ पेंटॅकल्स, बाकावर बसून एकेक नाणं ठोकून घडवणारा कारागीर. काम, शिकणं, नव्या जागी पहिल्यापासून हात बसवणं. सोपं वाचन. त्याला ते फार आवडलं.

पण मला झोप लागू देत नाही ते पहिलं कार्ड. 'मागे काय राहतं' या जागी टेन ऑफ पेंटॅकल्स आलं होतं. घराची कमान, कमानीत जोडपं, त्यांच्याजवळ मूल, आणि सगळ्यात पुढे, जवळजवळ चित्राच्या बाहेर, नक्षीदार झग्यातला एक म्हातारा बसलेला. दोन कुत्री त्याच्याजवळ. जोडप्याचं त्याच्याकडे लक्ष नाही. मूल कमानीतल्या बाईआडून बघतंय, कुत्र्याला हात लावतंय. मी ते काय वाचलं? मालमत्ता. फ्लॅट विकायचा की ठेवायचा यावर दहा मिनिटं बोललो आम्ही. मागे राहणारं म्हातारं माणूस माझ्या गादीवर मांडी घालून बसलं होतं आणि मी मेन्टेनन्सच्या हिशेबात.

निघताना बायको म्हणाली, "म्हणजे शांतपणे होईल ना?" मी म्हटलं, "हो, शांतपणे होईल."

जूनमध्ये तिचा मेसेज आला. मोठा होता. सगळं तुम्ही म्हणालात तसंच झालं, घर वेळेवर मिळालं, सामान आलं, एकही अडचण नाही. मुलीला शाळेत घातलंय, अजून तिथे ती एक शब्द बोललेली नाही. घरीही जेवढ्यास तेवढं. टीचर म्हणतात, नवी भाषा कानावर पडताना मुलं अशी काही महिने गप्प राहतात, थांबा. फक्त संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेआठला, आजीचा व्हिडिओ कॉल असतो, तेव्हा दार लावून घेते आणि अर्धा तास बोलते. काय बोलते ते सांगत नाही.

टीचर बरोबर म्हणत असतील. मुलांचं होतं असं, माझ्या भाचीचंही झालं होतं. मेसेज वाचून झाल्यावर मात्र मी डेक काढला आणि ते कार्ड नुसतंच समोर ठेवलं. होडीत तीन माणसं आहेत आणि एकाचाही चेहरा आपल्याकडे नाही. कोणी कोणाकडे बघत नाही. कोणी बोलत असेल असंही वाटत नाही. त्यांनी मला पाण्याबद्दल विचारलं होतं, आणि पाण्याबद्दल कार्ड खरंच बोललं. होडीतल्या माणसांच्या गप्प बसण्यालाही आपल्या भाषेत 'शांत' हाच शब्द आहे, आणि तो शब्द त्या दिवशी मी मुलीसाठी कौतुक म्हणून वापरला होता.

आणखी एक बाब. वेटच्या पुस्तकात हे कार्ड उलटं आलं तर अर्थ दिलेत ते असे: जाहीर करणं, कबुली, बोभाटा. होडीच्या चित्राचा आणि कबुलीचा काय संबंध, हे मला कधीच उमगलं नव्हतं. वर्गात विचारलं तर आमच्या बाईंनी 'ते सोडून द्या, जुनं आहे' म्हणून उडवून लावलं. खरंच जुनं आहे, असले बरेचसे अर्थ वेटने आधीच्या फ्रेंच परंपरेतून उचललेत, या चित्राच्या कितीतरी आधीचे. तरी आता वाटतं, सरळ कार्डात जे बोललं जात नाही, ते उलट्यात बाहेर पडतं असं वाचायला काय हरकत आहे? हा अर्थ माझा, पुस्तकात सापडणार नाही.

मेसेजच्या शेवटी तिने विचारलंय, "तिच्यासाठी एक कार्ड काढाल का?" नऊ वर्षांच्या मुलीवर, ती समोर नसताना, मी कार्ड काढत नाही. हा नियम मी पहिल्या वर्षापासून पाळलाय. तसं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं की त्या दिवशी आजींनी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आधी त्यांना कोणीतरी द्या. तेही खोडलं, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. दोन निळ्या खुणा तिला दिसत असणार, म्हणजे वाचलाय हे तिला कळलंय.

काल आजींना फोन केला. नंबर बायकोनेच डिसेंबरात देऊन ठेवला होता, 'काही लागलं तर' म्हणून. त्यांनी मला ओळखलं नाही, मग होडीची आठवण दिल्यावर ओळखलं. "बोला लवकर," म्हणाल्या, "साडेआठ होत आले."