तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्ट्रेट मोडमधले केस

"ताई, पोर्ट्रेट मोडमधला फोटो कापला की केस पुठ्ठ्यातून कापल्यासारखे दिसतात. कितीही जपून सिलेक्शन केलं तरी तसंच. कुठलं टूल वापरू?"

टूलचं नंतर बघू. आधी फोटो 200 टक्के मोठा करा आणि दोन जागा तपासा: कानामागची केसांची फट, आणि मान व मोकळे केस यांच्यामधली पोकळी. बाकी सगळी पार्श्वभूमी धूसर आहे, पण त्या फटीतून मागची भिंत किंवा झाड स्वच्छ दिसतंय, असं असेल तर फोनने केसांची हद्द तिथे चुकवली आहे. मग डोक्याच्या वरच्या कडेला या. भुरभुरणारे केस थोडे बाहेर येऊन एकदम धुक्यात विरतात का? विरत असतील, तर ते केस त्या फाइलमध्ये आता नाहीत. ते पार्श्वभूमी समजून फोनने पुसले आहेत, आणि जे पुसलं गेलंय ते कुठलंही टूल निवडू शकत नाही.

हे का होतं ते कळलं की पुढचं काम सोपं जातं. मोठ्या कॅमेऱ्यात धूसरपणा लेन्समधून येतो. फोनमध्ये तो फोटो काढल्यावर हिशेबाने चढवला जातो. त्यासाठी फोन कुठला भाग जवळ आणि कुठला लांब याचा एक नकाशा तयार करतो. दोन लेन्सच्या आयफोनांत 4032 × 3024 पिक्सेलच्या फोटोसोबत येणारा असा नकाशा 768 × 576 एवढाच असतो. म्हणजे नकाशाचं एक घर फोटोच्या साधारण पाच पिक्सेल रुंद असतं, आणि सुटा केस असतो एक-दोन पिक्सेल रुंद. 2018 मध्ये आयओएस 12 पासून माणसाच्या आकाराचा वेगळा, जास्त बारीक मास्क येऊ लागला, त्यामुळे कड बरीच सुधारली. तरी कुरळ्या, विस्कटलेल्या केसांपाशी तोही अडखळतो.

आता सिलेक्शन का फसतं ते पाहा. कड शोधणारं टूल जिथे फरक जास्त, तिथे कड मानतं. पोर्ट्रेट फोटोत सगळ्यात ठळक फरक असतो स्पष्ट आणि धूसर यांच्या सीमेवर, आणि ती सीमा फोनने आखलेली असते. टूल इमानाने तीच सापडवतं. तुम्हाला दिसणारी पुठ्ठ्याची कड म्हणजे फोनचाच मास्क आहे.

म्हणून माझं पहिलं काम असतं धूसरपणा काढलेला फोटो मागवणं. आयफोनवर फोटो उघडून `Edit` मध्ये `Portrait` बंद करता येतं. `f/16` वर नेऊन थांबू नका, बंदच करा. पाठवून झाल्यावर ते परत चालू करता येतं, फोटो खराब होत नाही, हे ग्राहकाला आवर्जून सांगते, कारण लोक घाबरतात. गूगलच्या पिक्सेल फोनवर बहुतेक वेळा मूळ फोटो शेजारीच साठवलेला सापडतो. इतर अनेक फोनांच्या गॅलरीत धूसरपणाची पट्टी शून्यावर नेता येते. पण हे सगळं ज्या फोनवर फोटो काढला त्याच फोनवर. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोत तो नकाशा उरलेला नसतो. फोटो पाठवतानाही डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो दाबून लहान केला जातो आणि बारीक केस एकमेकांना चिकटून जातात.

डोहाळजेवणाच्या एका बॅनरचं उदाहरण देते. कुरळे मोकळे केस, गच्चीवर संध्याकाळी काढलेला फोटो, उजवीकडे आकाश, डावीकडे कडुलिंबाचं झाड. नवीन पार्श्वभूमी गडद मरून. ग्राहकाने आधी पोर्ट्रेट फोटो पाठवला होता, त्यात उजवीकडचे कुरळे केस पुसून डोकं गुळगुळीत झालं होतं. धूसरपणा काढलेला फोटो आला आणि सगळ्या बटा परत दिसल्या. पण आता मागे झाडाची पानं स्वच्छ, आणि `Select Subject` केसांत पानं ओढू लागलं.

इथे मी फोटोशॉपच्या चॅनलकडे वळले. आकाशासमोरचे काळे केस निळ्या चॅनलमध्ये सगळ्यात स्वच्छ सुटतात, कारण आकाश तिथे उजळ असतं. पण पानं निळ्या चॅनलमध्ये केसांइतकीच काळी दिसतात. हिरव्या चॅनलमध्ये ती उजळतात आणि केस काळेच राहतात. म्हणून दोन्ही चॅनलच्या प्रती काढल्या. उजवी बाजू निळ्याची घेतली, डावी हिरव्याची, आणि जोड डोक्याच्या मधोमध ठेवला. तिथे दोन्ही प्रती काळ्याच करायच्या असल्याने जोड दिसत नाही.

मग `Levels`. पांढरी खूण आत ओढली की पार्श्वभूमी पांढरी होते, पण त्याबरोबर सगळ्यात बारीक केस आधी जातात. मी कडेचा एकच पातळ केस निवडते आणि नजर त्याच्यावरच ठेवते. तो तुटायला लागला की थांबायचं. उरलेला करडा भाग ब्रशचा मोड `Overlay` करून पांढऱ्याने हलकेच पुसायचा. या मोडमध्ये उजळ जागा आणखी उजळतात आणि काळे केस जवळजवळ तसेच राहतात. चेहरा आणि अंग लॅसोने काळं भरलं, चॅनल उलटा केला, आणि त्यावरून मास्क केला. खांदे आणि कान मात्र पेन टूलने वेगळे काढले. तिथे कड खरोखरच टणक असते, केसांची पद्धत लावली तर ती कुरतडल्यासारखी होते.

मास्क चांगला झाला तरी मरूनवर ठेवल्यावर केसांभोवती फिकट नारिंगी रेघ उमटली. केस अर्धपारदर्शक असतो, त्याच्या पिक्सेलमध्ये मागचं आकाश मिसळलेलं असतं. फोटोच्या थरावर एक थर क्लिप करून, मोड `Multiply`, केसातूनच उचललेला तपकिरी रंग 30-40 टक्क्यांनी फक्त कडेवर फिरवला. `Decontaminate Colors` हेच झटक्यात करतं, पण कुरळ्या केसांत मला त्याचे डाग दिसतात, म्हणून मी हाताने करते. पूर्ण रेघ मारली नाही, कारण त्यातला काही उजेड मावळत्या उन्हाचा खरा होता.

जिथे ऊन थेट केसांतून येत होतं, ती वरची एक बट या पद्धतीला दाद देईना. केसच उजळ असले की चॅनलमध्ये ते आकाशात मिसळतात. तेवढ्या जागेपुरता `Select and Mask` मधला `Refine Edge Brush` लहान करून फिरवला. बटेतले अर्धेच केस मिळाले, बाकीचे सोडून दिले.

आणि मूळ फोटो मिळालाच नाही तर? मग फोनची कड स्वीकारा आणि तिच्या थोडं आतून मऊ मास्क करा, म्हणजे धुक्याची किनार येणार नाही. त्यावर दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने, टोकाला निमुळते होणारे केस मुळापासून बाहेर ओढा. रंग जवळच्या बटेतून उचला, आणि पंधरा-वीस केसांवर थांबा. नवीन पार्श्वभूमी गडद निवडा. काळे केस पांढऱ्यावर ठेवायचा आग्रह ग्राहकाने धरला, तर मी अशा फोटोसाठी स्पष्ट नाही म्हणते आणि दुसरा फोटो मागते.