तुम्ही विचारलंत म्हणून: ऋण कंसाचा लॉग

"मॅडम, दहा कंसांच्या गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढताना आपण सरळ दोन्हीकडे लॉग घेतो. पण x = 3.5 ठेवला तर त्यातले सात कंस ऋण होतात. ऋण संख्येला लॉगच नसतो ना? आणि x = 3 ठेवला तर एक कंस शून्य! मग उत्तर बरोबर येतं कसं?"

बारावीच्या प्रत्येक वर्गात कुणीतरी हे विचारतं. बहुतेक वेळा मागच्या बाकावरून, आणि बहुतेक वेळा मी फळा पुसत असताना. ज्या वर्षी कुणीच विचारत नाही त्या वर्षी मला जरा काळजी वाटते.

ज्यावरून प्रश्न येतो तो गुणाकार असा:

```
P(x) = (x-1)(x-2)(x-3) ... (x-10)
```

लॉग क्षणभर बाजूला ठेवू. दोन कंसांचा गुणाकाराचा नियम सगळ्यांना पाठ असतो: एकाचं डेरिव्हेटिव्ह घ्या, दुसरा तसाच ठेवा, मग उलट करा आणि बेरीज करा. कंस तीन असले तर तीन पदं येतात, दहा असले तर दहा. प्रत्येक पदात एकाच कंसाचं डेरिव्हेटिव्ह घेतलेलं असतं, आणि (x-4) सारख्या कंसाचं डेरिव्हेटिव्ह 1. म्हणजे प्रत्येक पद हा नऊ कंसांचा गुणाकार असतो, फक्त दर वेळी गैरहजर कंस वेगळा. पहिल्या पदात (x-1) नाही, दुसऱ्यात (x-2) नाही, असं दहापर्यंत.

आता या दहा पदांच्या बेरजेला P(x) ने भागा. पहिल्या पदात (x-1) सोडून सगळे कंस आहेत आणि छेदात सगळेच आहेत, म्हणून काटछाट होऊन 1/(x-1) उरतं. बाकीच्यांचंही तसंच:

```
P'(x)/P(x) = 1/(x-1) + 1/(x-2) + ... + 1/(x-10)
```

यात लॉग कुठेच आला नाही. कुठला कंस धन, कुठला ऋण, हेही पाहावं लागलं नाही. अट एकच, P(x) शून्य नसावा, कारण आपण त्याने भागलं. ऋण कंसांची अडचण सूत्रात नाहीच, ती सूत्राकडे जायच्या एका वाटेत आहे. लॉग ही जवळची वाट, आणि पाठ्यपुस्तकं तीच दाखवतात.

त्या वाटेनेच जायचं असेल तर लॉग घेण्याआधी दोन उभ्या रेघा काढा, म्हणजे ln P ऐवजी ln|P| घ्या. एखाद्या कंसाला u म्हटलं, तर u ऋण असताना |u| म्हणजे -u. ln(-u) चं डेरिव्हेटिव्ह घेतलं की वर -u' येतं आणि खाली -u. दोन्ही उणे चिन्हं उडतात आणि हातात तेच u'/u. धन असो की ऋण, उत्तराचा साचा एकच राहतो, म्हणूनच रेघा न काढणाऱ्यांचंही उत्तर बरोबर येतं. पेपरात रेघा काढल्या नाहीत म्हणून मी मार्क कापत नाही. पण का चालतं, एवढं माहीत असावं.

आता 3.5 च घेऊ, कारण तिथे एक गंमत आहे. 3.5 पासून 3 आणि 4 सारख्याच अंतरावर आहेत, फक्त विरुद्ध बाजूंना. 2 आणि 5 चंही तसंच, 1 आणि 6 चंही. म्हणजे व्यस्तांच्या बेरजेतली पहिली सहा पदं जोडीजोडीने उडतात. उरतात 7, 8, 9 आणि 10 ची पदं, सगळी ऋण:

```
-1/3.5 - 1/4.5 - 1/5.5 - 1/6.5 = -0.8436 (जवळपास)
```

P(3.5) साधारण -1979.5 येतो. सात कंस ऋण, सात ही विषम संख्या, म्हणून P ऋण. दोन्हींचा गुणाकार केला की P'(3.5) साधारण +1670. हे हाताने दोनेक मिनिटांचं काम आहे. हेच कंस उघडून दहाव्या घाताची बहुपदी मांडून करायचं म्हटलं तर शेवटचं पदच 3628800 आहे, आणि मधले काही सहगुणक त्याहून मोठे. एका चिन्हाची चूक झाली की सगळं गेलं.

तो शेवटचा गुणाकार विसरू नका. व्यस्तांची बेरीज म्हणजे P'/P, P' नाही. बारावीत असताना मीही एका चाचणीत अशी बेरीज सुंदर अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, आणि पाचपैकी तीन मार्क घेऊन घरी आले होते. ओळखायची खूण सोपी आहे: दहा कंसांचा गुणाकार दहाव्या घाताचा, म्हणून त्याचं डेरिव्हेटिव्ह नवव्या घाताची बहुपदी हवी. काटछाट करूनही तुमच्या उत्तराच्या छेदात x उरला असेल तर काम अर्धवट आहे. दुसरी नेहमीची चूक कंसात x च्या आधी संख्या असली की होते. (2x-3) चं पद 1/(2x-3) नाही, 2/(2x-3). घात असेल तर तोही खाली उतरून पुढे उभा राहतो, म्हणून (2x-3)^5 चं पद 10/(2x-3). लॉगची वाट सोयीची वाटते ती अशा ठिकाणी, कारण घात आणि भागाकार दोन्ही तिच्यात आपोआप सरळ होतात. आणि कंसांच्या गुणाकारापुढे नुसतं "+5" जरी असलं, तरी सगळ्याचा एकदम लॉग घेणं बंद. बेरजेचा लॉग फुटत नाही.

आता शून्याचं. x = 3 ठेवला की 1/(x-3) ला अर्थ राहत नाही आणि P(3) शून्य. काही मुलं इथे "शून्य गुणिले काहीही म्हणजे शून्य" म्हणून P'(3) = 0 लिहितात. ते चूक आहे. त्या "काहीही"मध्ये एक पद अनंताकडे पळतंय.

भागाकार करण्याआधीच्या दहा पदांकडे परत जा. त्यांतल्या नऊ पदांत (x-3) हजर आहे, म्हणून x = 3 ला ती सगळी शून्य. फक्त एका पदात तो गैरहजर आहे, तेवढंच उरतं:

```
P'(3) = (2)(1)(-1)(-2)(-3)(-4)(-5)(-6)(-7) = -10080
```

विश्वास बसत नसेल तर थोडं बाजूला सरकून पाहा. x = 3.001 ला P साधारण -10.07 असतो आणि व्यस्तांची बेरीज साधारण 998.9. गुणाकार -10,058 च्या आसपास, म्हणजे -10,080 च्या शेजारीच. कंस लहान होतो तेवढाच त्याचा व्यस्त मोठा होतो, आणि दोघांचा गुणाकार जागेवर राहतो. सूत्र 3 वर बोलत नाही, पण अगदी शेजारी उभं राहून खरं तेच सांगतं, आणि बहुपदी मधेच उडी मारत नसल्यामुळे 3 वरही तेच खरं. (x-3) चा वर्ग असता तर गोष्ट वेगळी. मग एक (x-3) प्रत्येक पदात उरला असता आणि P'(3) खरंच शून्य झाला असता.

हीच रीत 4 ला लावली तर P'(4) = 6 × 720 = 4320, धन. म्हणजे 3 पाशी आलेख खाली उतरतोय आणि 4 पाशी वर चढतोय. मधे कुठेतरी तळ असणार, आणि तिथे व्यस्तांची बेरीज शून्य. मला या बेरजेचं खरं वेड लागलं ते इथे. 1 ते 10 ही P ची मुळं, आणि त्यातलं प्रत्येक जण x ला आपल्यापासून दूर ढकलतंय असं समजा, जोर 1 भागिले अंतर. डावीकडची मुळं उजवीकडे ढकलतात, उजवीकडची डावीकडे, आणि तळ तिथे असतो जिथे दोन्ही बाजूंचं ढकलणं सारखं होतं. 3.5 ला सहा मुळांचं ढकलणं आपसांत उडालं आणि 7 ते 10 चं डावीकडे ढकलणं शिल्लक राहिलं. म्हणजे तळ 3.5 च्या डावीकडे असणार. तो तळ एकच असणार हेही या बेरजेतूनच दिसतं: x उजवीकडे सरकला की प्रत्येक 1/(x-a) घटतं, मग तो धन असो वा ऋण, म्हणून 3 आणि 4 च्या मधे बेरीज सतत घटत जाते आणि शून्याला एकदाच छेदते. दहा मुळांच्या मधे नऊ जागा, प्रत्येकीत एक छेद, आणि P' नवव्या घाताचा. हिशोब बरोबर बसतो.

फक्त मधल्या जागेत, 5 आणि 6 च्या मधे, दोन्ही बाजूंना पाच-पाच मुळं असतात आणि बेरीज शून्य होण्याचा बिंदू बरोबर 5.5 ला येतो. बाकी सगळीकडे तो जवळच्या टोकाकडे सरकलेला असतो. आमच्या 3 आणि 4 च्या मधला कॅल्क्युलेटरवर शोधायचा तर 3.4 ला बेरीज +0.13 येते, 3.41 ला +0.03 आणि 3.42 ला -0.08. म्हणजे तळ 3.41 आणि 3.42 च्या मधे, 3.41 ला जरा जास्त जवळ.