पाणी कुठे गेलं?

"विद्यार्थ्यांना बाष्पीभवनाची संकल्पना समजेल." डिचोलीतल्या एका कार्यशाळेत विज्ञानाच्या एका बाईंनी आणलेल्या पाठटाचणातली ही अध्ययन निष्पत्ती. जमलेले सगळे पाचवी ते सातवीला शिकवणारे. बहुतेकांच्या टाचणांत 'समजेल', 'जाणीव होईल', 'आवड निर्माण होईल' हीच क्रियापदं होती.

त्या बाईंनी सहावीच्या एका मुलाची वहीही आणली होती. मिठागरात मीठ कसं तयार होतं, या प्रश्नाला त्याने लिहिलं होतं: "मिठागरात खारं पाणी घेतात. उन्हाने त्याचं बाष्पीभवन होतं. पाणी जमिनीत जातं आणि मीठ वर राहतं." मी ते पान सगळ्यांकडे फिरवलं आणि सांगितलं, या मुलाने निष्पत्ती गाठली की नाही ते एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर लिहा.

चिठ्ठ्या उघडल्या तर जवळजवळ निम्मे 'हो' आणि निम्मे 'नाही'. 'हो' म्हणणाऱ्यांना 'बाष्पीभवन' हा शब्द आणि ऊन दिसलं होतं. 'नाही' म्हणणाऱ्यांना 'पाणी जमिनीत जातं' हे खटकलं होतं, आणि ते खटकायलाच हवं. पाणी जिरू नये म्हणून तर मिठागराचा तळ चिखल चोपून घट्ट करतात. तपासणारे सगळे अनुभवी होते, तरी निकाल फुटला, कारण वहीत नेमकं काय शोधायचं हे निष्पत्तीच्या वाक्यात नव्हतंच. निष्पत्ती मोजता येते का, हे पाहायला मी याहून चांगली कसोटी जाणत नाही: दोन शिक्षक एकच काम वेगवेगळे तपासतात तेव्हा त्यांचा निर्णय जुळतो का?

एका सरांनी लगेच दुरुस्ती सुचवली: "विद्यार्थी बाष्पीभवनाची व्याख्या लिहील." हे मोजता येतं, त्यावर कुणाचं दुमत होणार नाही. पण हाच मुलगा व्याख्या पाठ करून अचूक लिहील आणि तरीही पाणी जमिनीतच पाठवील. क्रियापद बदललं, पण घोकंपट्टीच मोजली गेली. मला तर 'समजेल'पेक्षा हा धोका मोठा वाटतो, कारण टाचण बघणाऱ्याला ते निर्दोष दिसतं.

मग फळ्यावर आम्ही शिकवण्याची उद्दिष्टं कशी लिहावीत याबद्दलची शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांची १९६२ची मांडणी घेतली: मूल काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत, आणि कितपत जमलं म्हणजे पुरे. तासभर खोडाखोड होऊन वाक्य असं झालं: "दोन सारख्या बशांत सारखंच मिठाचं पाणी घालून एक उन्हात आणि एक सावलीत ठेवणार असल्यास कोणती आधी कोरडी होईल हे विद्यार्थी आधीच सांगेल; पाणी आटल्यावर ते कुठे गेलं आणि मीठ का उरलं हे स्वतःच्या शब्दांत लिहील. पाणी वाफ होऊन हवेत गेलं आणि मीठ वाफेबरोबर जात नाही, हे दोन्ही मुद्दे हवेत."

त्यावर त्याच बाई म्हणाल्या, "पण बशीतून पाणी जिरणारच नाही. मग त्याचा जमिनीचा गैरसमज दिसणार कसा?" फार मोलाचा प्रश्न होता. म्हणून शेवटी एक प्रश्न मिठागराबद्दलच ठेवला, निकष तेच दोन. त्या निकषांनी वहीचं पान पुन्हा तपासलं तेव्हा सगळ्यांचं उत्तर एकच आलं: अजून नाही.

मराठीच्या बाईंकडे 'कवितेचा आस्वाद घेईल' होतं. आस्वाद मोजायचा नसतो, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. आपण त्याची एखादी दिसणारी खूण तेवढी निवडू शकतो. त्यांनी लिहिलं: "पूर्वी न वाचलेली छोटी कविता दिल्यास आवडलेली एक ओळ निवडून ती का आवडली हे कवितेतल्याच शब्दांच्या आधारे दोन-तीन वाक्यांत सांगेल." यात 'पूर्वी न वाचलेली' हे गाळलं की मूल आपण वर्गात सांगितलेला अर्थच परत देतं.

समाजशास्त्राच्या सरांकडे 'गोव्याच्या इतिहासाचा अभिमान वाटेल' असं होतं. तिथे आम्ही १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल घेतला. त्याच कौलाने गोवा राज्य झालं, असं पुष्कळ मुलांना वाटतं, असं सर म्हणाले. प्रत्यक्षात प्रश्न महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढाच होता. राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला. नवं वाक्य असं ठरलं: "मुक्ती, जनमत कौल आणि घटक राज्य या घटना तारखा न देता मांडल्यास विद्यार्थी त्यांचा क्रम लावेल, कौलातले दोन पर्याय सांगून प्रत्येकाच्या बाजूचं, त्या काळी दिलं जाणारं एक कारण देईल."

वर्गात दोन्ही बाजूंना मत दिलेल्या घरांतली मुलं बसलेली असतात. त्यामुळे मराठीशी असलेलं नातं आणि गोव्याची वेगळी ओळख, ही दोन्ही कारणं उत्तरात यायला हवीत असं ठरलं. सरांनी टाचणात निकषाखाली आणखी एक ओळ घातली: मुलाचं स्वतःचं मत कोणत्या बाजूचं आहे, याला गुण नाहीत.