साबण-नोंद: 120 वड्यांचं कोटेशन आणि हरवलेले 12 ग्रॅम

पहिली घाऊक ऑर्डर आली: व्हॅनिला सुगंधाच्या 120 वड्या, ‘लिस्टिंगवर आहेत तशाच, 100 ग्रॅमच्या’. कोटेशन लिहायला बसले आणि त्या ‘100 ग्रॅम’पाशीच अडले. एक तयार वडी काट्यावर ठेवली, तर 92!

चूक माझीच. लिस्टिंगमध्ये मी वडी कापल्या दिवशीचं वजन लिहिलं होतं. कोल्ड प्रोसेसच्या ताज्या साबणात पाणी भरपूर असतं. माझ्या कृतीत 1000 ग्रॅम तेलाला 284 ग्रॅम पाणी पडतं आणि पाच आठवड्यांत त्यातलं बरंचसं उडून जातं. वहीत सापडलं: कापताना 104, पाच आठवड्यांनी 92. म्हणजे साडेअकरा टक्के घट.

मग हिशेब उलटा मांडला. सुकल्यावर 100 हवेत, तर कापताना किमान 113 हवेत. हाताने कापताना तीनेक ग्रॅम इकडेतिकडे होतातच, म्हणून 118 धरले. साचा तोच ठेवून जाडी 22 ऐवजी 25 मिमी केली. सगळ्यात हलकी वडी 115 ची निघाली तरी सुकून 101 च्या खाली जात नाही.

व्हॅनिलाचं दुखणं वेगळं. सुगंधातल्या व्हॅनिलिनमुळे साबण हळूहळू तपकिरी होतो, आणि लिस्टिंगवर फोटो होता दुसऱ्या दिवशीच्या सायरंगी वडीचा. (तो फोटो मला फार आवडायचा. काढला.)

शेवटी पाठवलेला मजकूर असा:

‘नमस्कार. 120 वड्यांचं कोटेशन देत आहे. निव्वळ वजन रवानगीच्या दिवशी किमान 100 ग्रॅम. माप कापताना 80 × 55 × 25 मिमी. सुकताना वडी थोडी आकसते, म्हणून खोके छापण्याआधी माझ्याकडची सुकलेली नमुना वडी बसवून पाहा. रंग सोबतच्या फोटोतल्या सहा आठवडे जुन्या वडीसारखा तपकिरी; घाण्यागणिक छटेत थोडा फरक पडेल. साबण ओतल्यापासून रवानगीपर्यंत पाच आठवडे. ओतल्यावर सुगंध किंवा आकार बदलता येणार नाही. दर सोबतच्या तक्त्यात आहे, तो याच मापासाठी आहे. तुमचा होकार आला की लिस्टिंगवरही हेच तपशील घालीन.’

त्यांचा एकच प्रश्न आला: ‘101 भरली तर वेष्टनावर काय छापायचं?’ 100 च छापा म्हटलं. साबण खोक्यातही थोडा सुकत राहतो, ती एक-दोन ग्रॅमची शिल्लक त्यासाठीच आहे.

होकार आल्यावर लिस्टिंग बदललं. बारा-बारा वड्यांचे दहा घाणे घालायचे आहेत, त्यातले दोन ओतून झाले. प्रत्येकातली एक वडी खूण करून दर आठवड्याला तोलते. आठवड्याची घट ग्रॅमच्या आत आली की मगच तो घाणा खोक्यात जाईल.