शिकाऊ वायरमनना अर्थिंग, फ्यूज आणि एमसीबी शिकवताना : माझा अनुभव

शिकायला आलेल्या मुलांना विचारलं, की फेज वायर गीझरच्या बॉडीला लागली तर काय होईल, तर उत्तर ठरलेलं असतं : "अर्थिंग आहे ना, करंट जमिनीत जाईल." हे उत्तर मी आधी पुसून काढतो. करंट जमिनीत जाऊन संपत नाही. तो जिथून निघाला त्या ट्रान्सफॉर्मरकडेच परत जातो, आणि परतीच्या वाटेत किती ओहम आहेत त्यावर एमसीबी पडणार की नाही, हे ठरतं. म्हणून माझ्या शिकवण्यात फ्यूज, एमसीबी आणि अर्थिंग हे तीन वेगळे धडे नाहीत. फळ्यावर एकच आकृती असते :

```
ट्रान्सफॉर्मर फेज → एमसीबी → फेज वायर → गीझरची बॉडी
→ अर्थ वायर → घराचा अर्थ इलेक्ट्रोड (८ ओहम) → जमीन
→ ट्रान्सफॉर्मरचा अर्थ (२ ओहम) → ट्रान्सफॉर्मर न्यूट्रल
```

ही आकृती प्रत्येकाने वहीत काढायची आणि बाणांवरून बोट फिरवत सुरुवातीच्या जागी परत यायचं. बोट मध्येच कुठे थांबलं तर लूप समजलेला नाही, मग पुढचा हिशेब सांगून उपयोग नाही.

हिशेब सोपा आहे. वायरचा रेझिस्टन्स इथे किरकोळ, तो सोडून देऊ. ८ आणि २ मिळून १० ओहम. २३० भागिले १०, म्हणजे बिघाडाचा करंट २३ ॲम्पिअर. गीझरला १६ ॲम्पिअरचा सी-कर्व्ह एमसीबी आहे. त्याचा चुंबकीय भाग झटक्यात पडायला रेटिंगच्या ५ ते १० पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६० ॲम्पिअर. २३ ॲम्पिअर त्याच्या जवळपासही नाही. उरतो तापणाऱ्या पट्टीचा भाग. रेटिंगच्या १.४५ पटीला, म्हणजे २३.२ ॲम्पिअरला, त्याने एका तासाच्या आत पडावं एवढीच अपेक्षा असते. आपला बिघाड त्याच्याही किंचित खालीच आहे. एमसीबी अजिबात खराब नाही आणि तरीही तो बराच वेळ तसाच उभा राहू शकतो.

त्या वेळात बॉडीवर किती व्होल्ट असतात? २३ गुणिले ८, म्हणजे १८४. इथे वर्ग शांत होतो, आणि मी मुद्दाम थोडा वेळ तसाच जाऊ देतो. अर्थ वायर जोडलेली, एमसीबी चांगला, आणि तरी नळाला हात लावणाऱ्याला १८४ व्होल्ट.

जुन्या किटकॅट फ्यूजची गोष्ट याहून वाईट. फ्यूजची तार रेटिंगच्या साधारण दुप्पट करंटला वितळते, त्यामुळे १५ ॲम्पिअरची तार २३ ॲम्पिअरला नुसती गरम होत बसेल. त्यात कोणी तार दुहेरी करून घातली असेल तर विषयच संपला. फ्यूज फेजमध्येच का असतो, हेही याच आकृतीवर दाखवतो : न्यूट्रलमधला फ्यूज उडाला तर उपकरण बंद दिसतं, पण आत फेज जिवंत राहतो.

आता आकृतीत एकच बदल करायचा. अर्थ वायर जमिनीतून न जाता धातूच्या वाटेनेच न्यूट्रलपर्यंत परत जाते असं धरा, आणि आख्खा लूप १ ओहमचा. करंट २३० ॲम्पिअर. तोच एमसीबी क्षणात पडतो. म्हणजे फरक एमसीबीचा नव्हता, परतीच्या वाटेचा होता.

हे कागदावर पटतं, पण हातात बसत नाही. म्हणून मी बारा व्होल्टवर करून दाखवतो. ७ ॲम्पिअर-अवरची छोटी सीलबंद बॅटरी, बॉडी म्हणून पत्र्याचा डबा, २ ॲम्पिअरचा काचेचा फ्यूज, आणि ६ ओहमचा ५० वॉटचा रेझिस्टर. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला अगदी लागून असला पाहिजे. नाहीतर शॉर्ट झाल्यावर वायरच पेटते. पॉझिटिव्ह वायर डब्याला लावायची. आधी डबा जाड वायरने निगेटिव्हला जोडला, की फ्यूज ताबडतोब जातो. नवा फ्यूज घालून जाड वायरच्या जागी रेझिस्टर लावला, की २ ॲम्पिअर वाहतात आणि फ्यूज टिकून राहतो. डबा आणि निगेटिव्ह यांच्यात मीटर धरला तर जवळजवळ १२ व्होल्ट. रेझिस्टर २४ वॉटने तापतो, त्याला बोट लावू द्यायचं नाही.

मग आरसीसीबी. तो एकूण करंट बघत नाही. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला यातला फरक बघतो. ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीला २३ ॲम्पिअरची गळती प्रचंड आहे, तो लगेच पडतो. ८ ओहमच्या अर्थवर ३० मिलिॲम्पिअर म्हणजे बॉडीवर पाव व्होल्टही नाही. ज्या जागी परतीची वाट जमिनीतूनच आहे, तिथे अर्थिंगसोबत आरसीसीबी हवाच, हे माझं ठाम मत या आकड्यांवरून आहे.

पण दोन गैरसमज इथेच तयार होतात, त्यामुळे मी घाई करत नाही. पहिला, आरसीसीबी असला की अर्थ वायर नसली तरी चालते. अर्थ वायर तुटलेली असेल तर बॉडीवर फेज आला तरी गळतीला वाटच नाही, आरसीसीबी गप्प बसतो. वाट मिळते ती माणसाने हात लावल्यावर. मग तो पडतो, पण झटका बसून. दुसरा गैरसमज टेस्ट बटणाचा. बटण दाबल्यावर आरसीसीबीच्या आतल्या रेझिस्टरमधून कृत्रिम फरक तयार होतो. त्यातून यंत्रणा हलते एवढंच कळतं. अर्थिंगबद्दल ते काहीही सांगत नाही. अर्थ वायर सलग आहे का, हे सप्लाय बंद करून उपकरणाच्या बॉडीपासून अर्थ बसबारपर्यंत मीटर लावूनच बघावं लागतं. वाचन एक ओहमच्याही बरंच खाली यायला हवं. जास्त आलं तर आधी लग आणि स्क्रू बघायचे. रंगावर किंवा गंजावर लावलेला लग हे नेहमीचं कारण.

सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जंपरने जोडायची सवय मी कडक शब्दांत मोडतो. वरचा न्यूट्रल तुटला की उपकरणातून आलेला फेज त्या जंपरवाटे थेट बॉडीवर येतो, तेही काही बिघाड नसताना. अर्थ वायरमध्ये स्विच किंवा फ्यूज कधीच नाही. प्लग भरताना हिरवी वायर इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची, म्हणजे केबल ओढली गेली तरी ती सर्वात शेवटी सुटेल.

बोर्डला हात लावायचा नियम मी बोलून नाही, करवून घेतो. मेन बंद, त्यावर कुलूप आणि पाटी, चावी काम करणाऱ्याच्याच खिशात. टेस्ट लॅम्प किंवा मीटर आधी चालू असलेल्या पॉइंटवर तपासायचा. मग आपल्या बोर्डवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या बघायच्या. नंतर तोच मीटर पुन्हा चालू पॉइंटवर. मधल्या काळात मीटरची लीड तुटली असेल तर "शून्य व्होल्ट" हे वाचन खोटं असतं, म्हणून शेवटची तपासणी कोणी गाळली की पहिल्यापासून सगळं परत. फक्त स्क्रू-ड्रायव्हर टेस्टरवर विसंबणाऱ्याला मी बोर्ड उघडू देत नाही : कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं की त्याचा दिवा इतका मंद होतो, की फेज असूनही नाहीसा वाटतो.