लाइन आली तरी फोन गप्प: मोटारच्या ॲपचा माझा अनुभव

आमच्या वावरातल्या मोटारीला मोबाइल स्टार्टर लावला आहे, थ्री फेज लाइन आली की ॲपवर नोटिफिकेशन येते अन् मग घरूनच मोटार चालू करता येते. हरभऱ्याच्या ओलिताला लाइन रात्रीची, त्यामुळे हे वेळेवर येणं लय गरजेचं. पण व्हायचं असं की लहान भावाच्या फोनवर यायचं अन् माझ्यावर नाही. सकाळी तो विचारे, "दादा, लाइन तं दोनलेच आली होती, तुले मेसेज नाई आला का?"

मी ॲप उघडलं की मग सगळे नोटिफिकेशन एकदम धडाधड यायचे. ॲपच्या हिस्ट्रीत लाइन आल्याची वेळ रात्रीची दोन अन् नोटिफिकेशन पडलं सकाळी साडेपाचला. म्हणजे परवानगी चालू होती, स्टार्टरही बरोबर होता, रेंजही होती कारण व्हॉट्सॲप येत होतं (अशा मोठ्या ॲपला बऱ्याच फोनमध्ये आधीच सूट असते, म्हणून व्हॉट्सॲप येते म्हणजे बाकी ॲपचंही येईल असा अंदाज धरू नका).

खरं कळलं ते फोन चार्जिंगला लावून झोपलो त्या रात्री, नोटिफिकेशन टायमावर आलं! अँड्रॉइडमध्ये 2015 च्या 6 नंबरच्या व्हर्जनपासून डोझ नावाची सोय आहे, फोन चार्जरवर नसला, स्क्रीन बंद असली अन् बराच वेळ एका जागी पडून राहिला की बॅकग्राउंडची कामं तो थांबवून ठेवतो अन् मधूनमधूनच थोडा वेळ सोडतो. चार्जरवर हे लागू होत नाही. रात्री खाटेवर पडलेला फोन म्हणजे अगदी तीच परिस्थिती.

मग ॲपचं आयकॉन दाबून धरलं, App info मध्ये जाऊन Battery वर Unrestricted केलं. फरक पडला, पण रिसेंटमधून सगळे ॲप सरकवून साफ केले की पुन्हा बंद. कारण माझ्या फोनच्या कंपनीने अँड्रॉइडच्या वर स्वतःचं वेगळं बॅटरी सेटिंग ठेवलेलं आहे, ते ॲपची सर्व्हिसच मारून टाकते. त्याच्यासाठी Autostart चालू करावं लागलं अन् रिसेंटमध्ये ॲपला कुलूप लावलं. भावाच्या फोनमध्ये Autostart नावाचं काही नाहीच, म्हणून त्याला त्रास नव्हता. तुमच्या फोनमध्ये नाव वेगळं असू शकते, बॅटरीच्या सेटिंगमध्येच शोधा.

तपासायचं असल्यास लगेच तपासू नका, फोन तेव्हा जागाच असतो. मी चार्जर काढून, स्क्रीन बंद करून फोन तास-दीड तास टेबलावर तसाच ठेवला अन् भावाला वावरातून मेन स्विच पाडून पुन्हा टाकायला लावला, तेव्हा आलं. बॅटरी थोडी जास्त जाते, पण एकाच ॲपला सूट दिली तर चालते, सगळ्यांना देऊ नका. अन् Force stop दाबलं तर मात्र कोणतंही सेटिंग असो, ॲप हाताने उघडेपर्यंत काहीच येत नाही. फोनचा मोठा अपडेट आला तेव्हा माझं Autostart आपोआप बंद झालं होतं, तर अपडेटनंतर ते एकदा पाहून घ्या.