एका मिनिटाचे आमंत्रण आणि वाईच्या आत्याआजी

साताऱ्यातील एका लहान ध्वनिमुद्रण स्टुडिओत मी लग्नाच्या आमंत्रण-व्हिडिओंसाठी मजकूर लिहिते आणि पुष्कळदा तो माझ्याच आवाजात वाचते. गेल्या लग्नसराईतील एक शनिवार माझ्या चांगला लक्षात राहिला, कारण त्या दिवशी पूर्ण झालेले काम एका म्हाताऱ्या बाईंच्या तीन वाक्यांमुळे मला पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागले. त्या दोन्ही घरांची नावे मी येथे देत नाही. आमच्या कच्च्या मजकुरात असतात तशीच वधूकडच्या घराला अमुक, वराकडच्या घराला तमुक आणि कार्यालयाला फलाणे म्हणते.

वधूच्या भावाने छापील पत्रिकेचा मजकूर मला पाठवला होता आणि व्हिडिओ एका मिनिटाच्या आत बसवायचा होता. सुरुवातीला चार सेकंद सनई आणि शेवटी पाच सेकंद कार्यालयाचा नकाशा, असे धरले की बोलायला साधारण पन्नास सेकंद उरतात. ऐकणाऱ्याला धाप न लागता कळावे अशा गतीने मी सेकंदाला दोन शब्द बोलते, म्हणजे मजकूर शंभर शब्दांच्या आसपास हवा. पत्रिकेत मात्र कुलस्वामिनीच्या कृपेपासून ‘करण्याचे योजिले आहे’ पर्यंत एकच वाक्य होते. त्यात दोन्हीकडच्या आजोबांची नावे, गावे, ज्येष्ठ-कनिष्ठ, तारीख आणि मुहूर्त असे सगळे येऊन क्रियापद अगदी शेवटी पडत होते. कागदावर असे वाक्य शोभते, कारण डोळ्यांना मागे जाऊन पुन्हा वाचता येते. कानाला ती सोय नसते. मी त्या वाक्याचे चार तुकडे केले, ‘चि. सौ. कां.’ आणि आजोबांची नावे पडद्यावरील अक्षरांकडे सोपवली आणि बाकीचे वाचून टाकले. मला ते पुरेसे वाटले होते.

त्या दुपारी भाऊ आणि त्यांच्या आई व्हिडिओ पाहायला आल्या. दोघांनाही तो आवडला. तेवढ्यात आई म्हणाल्या, “वाईच्या आत्यांना ऐकवू या, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही.” या आत्या म्हणजे वधूच्या आजोबांच्या बहीण, मुलांच्या आत्याआजी. भावाने फोन लावला आणि तो स्टुडिओच्या स्पीकरजवळ धरला. ऐकून झाल्यावर आत्याआजी म्हणाल्या, “वाजंत्री छान आहे, पण त्यात बाई काय बोलतात ते ऐकू दे की. लग्न एकोणतीसला ना? आणि बारा पंचवीसला?”

लग्न तीस नोव्हेंबरला होते आणि मुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटांचा होता. भाऊ लगेच म्हणाला, “आत्याआजी, लिहिलंय तिथं स्पष्ट.” मला मात्र त्यांची चूक वाटली नाही. मी आधी हळदीची तारीख सांगितली होती आणि लगेच पुढच्या वाक्यात लग्नाची. ‘एकोणतीस’ आणि ‘तीस’ एकामागोमाग आले की शेवटचा भाग तोच ऐकू येतो आणि पहिला आकडा मनात बसून राहतो. ‘पंचवीस’ आणि ‘पस्तीस’ यांचेही सनईच्या सुरात तसेच होते. स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर हे मला कधीच कळले नसते. आमंत्रण ऐकले जाते ते स्वयंपाकघरात, एसटीत किंवा अंगणात, फोनच्या बोटभर स्पीकरवर.

मी मजकूर पुन्हा लिहायला बसले. पहिला बदल क्रमाचा होता. लग्न आधी सांगायचे आणि हळद नंतर. तारीख फक्त लग्नाची बोलायची, हळदीसाठी ‘आदल्या दिवशी, शनिवारी’ एवढेच म्हणायचे. म्हणजे ‘एकोणतीस’ हा शब्द कानावर पडतच नाही, तो पडद्यावर राहतो. दुसरा बदल मुहूर्ताचा होता आणि तेथे भावाशी थोडी चर्चा झाली. गुरुजींनी काढून दिलेला मिनिटांसह मुहूर्त बोलून दाखवलाच पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते आणि ते मला मान्य होते. मात्र पाहुण्याच्या लक्षात राहायला हवी ती पोहोचण्याची वेळ. म्हणून मुहूर्त आधी सांगून त्याच वाक्यात पुढे ‘बारापर्यंत या’ असे जोडले, कारण शेवटी ऐकलेली वेळच माणूस घरी सांगतो. पुढे आईंनी सहज म्हटलेले एक वाक्य मी जसेच्या तसे घेतले. तयार झालेला मजकूर असा होता:

“नमस्कार. आम्ही अमुक परिवार बोलतोय. आपल्या घरच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलोय. आमची लेक आणि तमुक परिवाराचे चिरंजीव यांचं लग्न ठरलंय. लग्न आहे रविवारी, तीस नोव्हेंबरला. ठिकाण, साताऱ्यात कोरेगाव रस्त्यावरचं फलाणे मंगल कार्यालय. मुहूर्त दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांचा आहे, पण तुम्ही बारापर्यंत या, म्हणजे अक्षता हातात घेऊन निवांत उभं राहता येईल. लग्नानंतर तिथंच जेवण आहे. दोन घास खाल्ल्याशिवाय कुणी जायचं नाही. हळद आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, आमच्या घरी. पुन्हा सांगतो, लग्न रविवारी, तीस नोव्हेंबरला, बारापर्यंत. वाट पाहतोय. आपला, अमुक परिवार.”

पत्रिकेत ‘आपण सहकुटुंब उपस्थित राहून’ असते ते येथे ‘तुम्ही या’ झाले, याबद्दल आईंना क्षणभर संकोच वाटला. मी त्यांना विचारले, की शेजारणीच्या दारात अक्षत द्यायला गेल्यावर तुम्ही काय म्हणता? त्या म्हणाल्या, “या हं नक्की.” मग त्यांनीच होकार दिला.

आता खरी नावे घालून वाचले तर मजकूर ठरलेल्या वेळेपेक्षा तीन सेकंद लांबला आणि ‘वाट पाहतोय’ नकाशावर जाऊन पडू लागले. कारण साधे होते. ‘अमुक’ आणि ‘तमुक’ तीन-तीन अक्षरांचे आहेत, तर वधूकडचे आडनाव सहा अक्षरांचे होते आणि कार्यालयाचे नाव त्याहून लांब. तेव्हापासून मी कच्च्या वाचनातही खऱ्या नावाइतक्याच लांबीचे खोटे नाव घेते. त्या दिवशी मात्र दोन वाक्ये छाटावी लागली. ‘आमंत्रण द्यायला आलोय’ हे वाक्य काढले आणि मधले ‘लग्नानंतर तिथंच जेवण आहे’ हेही, कारण दोन घासांच्या वाक्यातच जेवण आले होते. सनई पहिली चार सेकंद पूर्ण ठेवून बोलणे सुरू होताच इतकी खाली आणली, की फोनवर ती जेमतेम जाणवावी. शेवटी आवाज बंद करून एकेक चित्र पाहिले, तर नकाशाच्या चौकटीत कोपऱ्यात ‘तमुक परिवार’ तसेच राहिले होते. ते बदलले.

संध्याकाळी सहा वाजता पुन्हा वाईला फोन लावला. या वेळी भाऊ ऐकवण्यापूर्वी काही बोलला नाही. ऐकून झाल्यावर आत्याआजी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी शनिवारी तीनच्या एसटीनं निघते, म्हणजे हळदीला पाचाच्या आत घरी पोहोचते. रविवारी बाराच्या आधी मला कार्यालयात खुर्ची मात्र पुढची हवी.”